फोटोतल्या फरशा मोजा: नागावच्या बंगल्याचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत अलिबागजवळ नागावला आम्ही आठ जणांसाठी दोन खोल्यांचा एक बंगला भाड्याने घेतला होता. जाहिरातीत प्रत्येक खोली दोनशे चौरस फुटांची असून तीत डबल बेडशिवाय दोन जादा गाद्या सहज पडतात, असे लिहिले होते, आणि फोटोंत खोल्या तशाच ऐसपैस दिसत होत्या. प्रत्यक्षात पहिली गादी घातल्यावर दार अर्धेच उघडू लागले आणि दुसरी व्हरांड्यात न्यावी लागली. केअरटेकरचे उत्तर ठरलेले होते : "साहेब, फोटो याच खोलीचे आहेत." ते खरेही होते, आणि म्हणूनच ही फसवणूक कशी ओळखायची हे सविस्तर लिहीत आहे.

वाइड अँगल लेन्स खोलीच्या कोपऱ्यात किंवा दारात उभे राहून वापरली की जवळच्या वस्तू मोठ्या दिसतात, समोरची भिंत लांब सरकल्यासारखी वाटते आणि फोटोच्या कडेला असलेले सर्व काही ताणले जाते. त्या फोटोत अलीकडची उशी पलीकडच्या उशीच्या जवळजवळ दीडपट दिसते, आणि वरच्या कडेला आलेला पंखा लंबगोल झाला आहे. मात्र लेन्स फरशी ताणू शकते, फरशांची संख्या वाढवू शकत नाही. घरी परतल्यावर तोच फोटो मोठा करून आम्ही मोजणी केली. आधी फरशीचे माप ठरवावे लागते, कारण ती दोन फुटांची असेल असे नुसते गृहीत धरून चालत नाही. पलंगाच्या पायथ्याशी, त्याच्या रुंदीइतक्या अंतरात बरोबर तीन फरशा बसत होत्या. डबल बेड साधारणपणे सहा फूट रुंद असतो, म्हणजे फरशी दोन फुटांची ठरली. मग समोरच्या भिंतीलगत साडेपाच आणि बाजूच्या भिंतीलगत पाच फरशा मोजल्या. अकरा बाय दहा, म्हणजे एकशे दहा चौरस फूट. पलंगाच्या पायथ्याशी जेमतेम साडेतीन फूट जागा उरते आणि तीन फुटांची गादी तेथे घातली की चालायला वाट राहत नाही, हे सगळे त्या फोटोतच होते. फरशी गालिच्याखाली झाकलेली असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा खोलीची लांबी-रुंदी लेखी मागवावी.

आकाशाची गोष्ट याहून निर्लज्ज होती. मुख्य फोटोत स्विमिंग पुलाच्या मागे केशरी सूर्यास्त होता. कोकण किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला, आणि हा पूल बंगल्याच्या मागे, पूर्वेला. सूर्य मावळण्याची जागा वर्षभरात पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे 25 अंश सरकते, पण पूर्वेला काही जात नाही. नकाशावर उपग्रहचित्र उघडले की एवढे मिनिटभरात कळते, आणि तेथेच अंतर मोजण्याच्या सोयीने पुलाची लांबीही वीस फूटच असल्याचे दिसते.

नकाशा नसला तरी फोटोच साक्ष देतो. सूर्य मागे मावळत असेल तर पुलाकाठच्या खुर्च्यांच्या सावल्या लांब होऊन कॅमेऱ्याच्या दिशेने याव्यात. त्या मात्र खुर्च्यांच्या पायांशीच गोळा झालेल्या होत्या, म्हणजे फोटो भर दुपारचा. वर आकाश केशरी, तर पुलाच्या पाण्यात ते पांढुरके. उजव्या कडेला विजेचा खांब होता, त्यावर तारा बांधायच्या चिनीमातीच्या चिमण्याही होत्या, पण तारा तेवढ्या गायब! त्या तारांसोबत मागच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीचा वरचा मजलाही नव्या आकाशाने गिळला होता. ऑक्टोबर 2020 पासून फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याची तयार सोय आहे आणि आता काही ॲप पाण्यातले प्रतिबिंबही बदलून देतात, त्यामुळे केवळ प्रतिबिंब जुळते म्हणून निर्धास्त राहू नये. सावल्यांवर अधिक भरवसा ठेवावा.

लहान खोलीचा फोटो वाइड लेन्सशिवाय काढणे कठीण असते, हेही मान्य करायला हवे, आणि ढगाळ दिवशी काढलेल्या फोटोत निळे आकाश घालणाऱ्या प्रत्येक मालकाला मी लबाड म्हणणार नाही. आमची तक्रार टिकली तीही फोटोंच्या जोरावर नव्हे. "फोटो म्हणजे अंदाज," असे मालक म्हणत राहिले. पण जाहिरातीतला दोनशे चौरस फुटांचा आकडा स्क्रीनशॉटमध्ये होता आणि टेप लावून भिंतींची मापे घेतानाचा व्हिडिओ आम्ही तेथेच काढून ठेवला होता. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर बुकिंग करणाऱ्या कंपनीने एका रात्रीचे भाडे परत केले. सूर्यास्ताबद्दल मात्र एक पैसाही मिळाला नाही, कारण "पुलावरून सूर्यास्त दिसतो" असे त्यांनी शब्दांत कोठेच लिहिले नव्हते.