वाढ मूळ वेतनात हवी की विशेष भत्त्यात? बँक कर्मचाऱ्यांसाठी तुलना

८ मार्च २०२४ ला सही झालेल्या बाराव्या द्विपक्षीय कराराची मुदत ऑक्टोबर २०२७ मध्ये संपते. पुढच्या मागणीपत्रात कशावर जोर द्यायचा, हे सभासदांनी आत्ताच ठरवायला हवं. त्यासाठी मागच्या कराराने पगारपत्रकात नेमकं काय बदललं, ते पाहू.

करारातली १७ टक्के वाढ ही सगळ्या बँकांच्या एकूण पगारखर्चावरची आहे. प्रत्येकाचा पगार तेवढाच वाढला, असा तिचा अर्थ होत नाही. नव्याने लागलेल्या क्लार्कचं उदाहरण घ्या. महागाई भत्ता निर्देशांकाच्या ८०८८ अंकांपर्यंत मूळ वेतनात मिळवला गेला, म्हणून दोन्ही बाजू त्याच अंकावर धरल्या आहेत.

| | आधी | नंतर | फरक |
|---|---|---|---|
| मूळ वेतन + महागाई भत्ता | २३,३३८ | २४,०५० | ७१२ |
| विशेष भत्ता, महागाई भत्त्यासह | ३,८२७ | ६,३७३ | २,५४६ |

मूळ वेतन १७,९०० वरून २४,०५० झालं, पण त्यातला बहुतेक भाग आधीच मिळत असलेला महागाई भत्ता होता. खरी भर ३ टक्के लोडिंगची, म्हणजे महागाई भत्ता मिळवल्यावर मूळ वेतनात वरून घातलेल्या वाढीची. विशेष भत्ता मात्र १६.४ वरून २६.५ टक्क्यांवर गेला. या दोन ओळींतली एकूण वाढ ३,२५८ रुपये, म्हणजे सुमारे १२ टक्के, आणि तिचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग विशेष भत्त्यातला.

दोन्हीकडचा रुपया हातात सारखाच पडतो. फरक पुढे दिसतो. विशेष भत्ता आणि त्यावरचा महागाई भत्ता पेन्शन, एनपीएस, पीएफ, ग्रॅच्युइटी यांपैकी कशालाच धरत नाहीत. जुन्या पेन्शन योजनेत पूर्ण सेवा झालेल्याला मूळ वेतनातल्या १०० रुपयांमागे ५० रुपये पेन्शन बसते. एनपीएसवाल्याच्या खात्यात त्याच १०० वर बँकेचे १४ रुपये जमा होतात. घरभाडे भत्ताही मूळ वेतनावरच मोजतात. विशेष भत्त्यातल्या १०० रुपयांनी यातलं काहीच वाढत नाही.

बँका भत्त्याकडे झुकतात त्याचं कारणही हेच. मूळ वेतनातला रुपया त्यांना रुपयापेक्षा महाग पडतो, कारण पेन्शनची तरतूद वाढते. त्यामुळे जास्त लोडिंग मागितलं, तर वाढीची एकूण टक्केवारी कमी मिळण्याची शक्यता असते.

घरकर्जाचा हप्ता आत्ताच जड जात असेल, तर मोठा भत्ता सोयीचा. पण निवृत्ती जवळ आली असेल तर मूळ वेतनाचाच आग्रह धरावा, कारण पेन्शन शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीवर ठरते. एनपीएसमधल्या तरुणांनाही माझं हेच सांगणं आहे: आज जमा न झालेला हिस्सा पुढे कोणताही करार भरून देत नाही.

मसुदा हाती आला की आधी लोडिंगची टक्केवारी बघा, मग विशेष भत्त्याची, आणि त्यापुढे ‘निवृत्तीलाभासाठी ग्राह्य नाही’ हे वाक्य आहे का ते तपासा.