जेवणाची सुट्टी कापायची कशी: ठोक अर्धा तास की ठरलेल्या वेळेपुरती?

सगळे कामगार साडेआठला येऊन पाचला जात असतील, तर प्रत्येकाचा अर्धा तास वजा केला की काम संपतं. घोळ सुरू होतो तो कुणी आठला येतो, कुणी सव्वा एकला, कुणी दुपारी जेवणाच्या तोंडावर निघून जातो तिथे. बायोमेट्रिक मशीनवर दिवसाचे दोनच पंच असतील आणि पगारपत्रक एक्सेलमध्ये होत असेल, तर व्यवहारात दोन रस्ते उरतात. पहिला म्हणजे हजेरी पाच तासांच्या वर गेली की सरसकट तीस मिनिटं कापायची. दुसरा म्हणजे जेवणाची वेळ ठरवायची, समजा १:०० ते १:३०, आणि माणूस त्या वेळेत जितकी मिनिटं हजर दिसतो तितकीच कापायची.

दोन्हींसाठी पत्रकाची मांडणी एकच ठेवा. `A` मध्ये शिफ्टची तारीख, `B` मध्ये इन आणि `C` मध्ये आउट. इन-आउट दोन्ही तारखेसकट हवेत. `H1` मध्ये `13:00`, `H2` मध्ये `13:30`. `D` मध्ये एकूण हजेरी मिनिटांत काढा:

```
=ROUND((C2-B2)*1440,0)
```

मिनिटांत काढण्याचं कारण आहे. एक्सेल वेळ हा दिवसाचा अपूर्णांक म्हणून साठवतं, त्यामुळे ८:०० ते १:०० ही वजाबाकी कधी कधी पाच तासांपेक्षा कणभर जास्त भरते आणि `>` ची अट उगाच लागू होते. दिसायला सेलमध्ये ५:०० च असतं, म्हणून चूक सापडत नाही. शिवाय ८:१५ म्हणजे ८.१५ तास असं धरून दराने गुणण्याचा प्रकारही मिनिटांमुळे टळतो.

ठोक वजावट करून उरलेली मिनिटं `E` मध्ये, वेळेनुसार वजावट करून उरलेली `F` मध्ये:

```
E2: =D2-IF(D2>300,30,0)
F2: =D2-ROUND(MAX(0,MIN(C2,A2+$H$2)-MAX(B2,A2+$H$1))*1440,0)
```

दुसरं सूत्र लांब दिसतं, पण ते एवढंच विचारतं: आउट आणि सुट्टीचा शेवट यांतलं आधीचं कोणतं, इन आणि सुट्टीची सुरुवात यांतलं नंतरचं कोणतं, आणि दोघांमध्ये किती वेळ उरतो. काहीच उरत नसेल तर उत्तर ऋण येतं आणि `MAX(0,…)` त्याचं शून्य करतं.

आता एकाच दिवसाच्या पाच हजेऱ्या दोन्हींतून काढून पाहू.

| इन–आउट | एकूण | ठोक | वेळेनुसार |
|---|---|---|---|
| ८:४०–५:२५ | ८:४५ | ८:१५ | ८:१५ |
| ८:००–१:०० | ५:०० | ५:०० | ५:०० |
| ८:००–१:०५ | ५:०५ | ४:३५ | ५:०० |
| १:१५–६:४५ | ५:३० | ५:०० | ५:१५ |
| १:४०–७:०० | ५:२० | ४:५० | ५:२० |

पूर्ण दिवस भरणाऱ्याला दोन्ही पद्धती सारख्याच. सुट्टी थोडी पुढे सरकून १:१० ते १:४० झाली तरी त्याच्या तीस मिनिटांत फरक पडत नाही.

निकाल लागतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत. एकला पंच केला तर पाच तास. हातातलं काम उरकून एक वाजून पाच मिनिटांनी पंच केला तर चार तास पस्तीस मिनिटं. जास्त थांबल्याबद्दल पंचवीस मिनिटं कमी! ताशी ९६ रुपये दर धरला तर चाळीस रुपये गेले. रक्कम लहान आहे, पण हे कामगाराला समजावून सांगता येत नाही, आणि एकदा कळलं की अर्ध्या दिवसाचे लोक पाच तास व्हायच्या आधीच मशीनपाशी रांग लावतात. वाद प्रत्येक पगाराला नव्याने होतो. ठोक पद्धतीचा सोपेपणा माझ्या लेखी इथेच संपतो.

हा कडा गुळगुळीत करता येतो, हे मात्र सांगायला हवं:

```
=D2-MAX(0,MIN(30,D2-300))
```

आता पाच तासांवर जितकी मिनिटं, तितकीच कापली जातात, जास्तीत जास्त तीस. १:०५ ला जाणाऱ्याला पाच तास मिळतात. तरीही शेवटच्या ओळीतला, जेवूनच आलेला आणि १:४० ला कामाला लागलेला माणूस वीस मिनिटं गमावतो. फिरतीवरचे लोक, दुकानातले विक्रेते, म्हणजे ज्यांची जेवणाची वेळ ठरलेलीच नाही, त्यांच्यासाठी मात्र हीच सुधारलेली ठोक वजावट बरी. न पाळलेली वेळ सूत्रात घालण्यात अर्थ नाही.

वेळेनुसार पद्धतीची खोट उलट बाजूला आहे. १:४० ला आलेल्याने साडेचारला अर्धा तास खाण्यात घालवला तर ते तिला कळत नाही. आणि खरंच सलग काम केलं असेल तर वेगळाच प्रश्न: २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ५५ सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती मागत होतं. म्हणून एक तपासणीचा रकाना लागतोच:

```
=IF(AND(F2>300,D2-F2<30),"तपासा","")
```

वरच्या तक्त्यात हा शेवटच्या दोन ओळी पकडतो. तिथे सुपरवायझरला विचारून हाताने ठरवायचं. हे ३०० आणि ३० प्रत्यक्षात वेगळ्या सेलमध्ये ठेवलेले बरे. कामाच्या तासांचे नियम बदलतात, आणि कारखाना व दुकान यांना एकच कायदा लागू नसतो.

एका गोष्टीत दोन्ही पद्धती आंधळ्या आहेत. सुट्टीत गाडी रिकामी करायला बोलावलेल्या माणसाचं जेवण राहिलं, तरी सूत्र त्याची तीस मिनिटं कापतंच. त्यासाठी सुपरवायझरच्या सहीची चिठ्ठी आणि पत्रकात एक वेगळा रकाना हवा, ज्यात खूण असली की वजावट शून्य.

रात्रपाळीत `H1` मध्ये `26:00` आणि `H2` मध्ये `26:30` लिहा, म्हणजे शिफ्टच्या तारखेनंतरचे पहाटेचे दोन ते अडीच. सेलचं फॉरमॅट `[h]:mm` नसेल तर २६ ऐवजी २ दिसेल. घाबरू नका, आत आकडा बरोबर असतो. कुणी उशिरा, मध्यरात्रीनंतर १२:१० ला इन केलं तरी `A` मध्ये शिफ्टची तारीख आदल्या दिवसाचीच राहू द्या. तिथे पंचाची तारीख भरली गेली की सुट्टी चोवीस तास पुढे सरकते आणि वजावट शून्य येते.

जेवायला जाता-येता पंच करायला लावणं, म्हणजे दिवसाचे चार पंच, कागदावर सर्वांत खरं. पण एक पंच राहिला की तीनच उरतात. ८:५५, १:०२, ५:३० असं दिसलं तर मशीनचं सॉफ्टवेअर बहुधा ५:३० ला इन समजतं आणि दुपारनंतरचं सगळं काम गायब होतं. शिवाय कुणी बावीस मिनिटांत जेवून परतला तर बावीस कापायची की तीस, हे तरीही तुम्हालाच ठरवावं लागतं. पंधरा-वीस माणसांच्या वर्कशॉपला त्या दुरुस्त्यांपेक्षा दोन पंच आणि `F` चं सूत्र हलकं जातं, असं मला वाटतं. कॅन्टीनमध्ये दोन तुकड्या जेवत असतील तर `$H$1` आणि `$H$2` ऐवजी प्रत्येकाच्या ओळीत त्याच्या तुकडीची वेळ घाला. बाकी सूत्र तेच.