रोजची पेस्ट, आठवड्याची चूळ की सहामाही व्हार्निश? खान्देशातल्या शाळांसाठी तुलनात्मक आढावा

धडगाव-अक्कलकुव्याकडची निवासी आश्रमशाळा आणि चोपडा-रावेरच्या केळीपट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा, दोन्हींकडे मुलांचे दात किडतात. उपाय मात्र दोन्हींना एकच लागू पडेल असं नाही. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांच्यासमोर सहसा तीन पर्याय येतात: शाळेतच फ्लोराइड पेस्टने रोज दात घासणं, आठवड्यातून एकदा फ्लोराइडची चूळ आणि वर्षातून दोनदा व्हार्निश, म्हणजे दातांवर फ्लोराइडचा पातळ लेप. चौथा पर्याय सीलंटचा, म्हणजे दाढांच्या खाचा बुजवण्याचा, त्याकडे शेवटी वळू. निवड करण्याआधी दोन मोजमापं हातात हवीत, पाण्यातलं फ्लोराइड आणि मुलांचा डीएमएफटी, म्हणजे दातांच्या किडीची मोजणी.

आधी पाणी. तापी, पांझरा, गिरणेचं धरणाचं किंवा कालव्याचं पाणी असेल तर फ्लोराइड बहुधा कमीच भरतं. खोल बोअरचा भरवसा देता येत नाही. एकाच गावातल्या दोन बोअरमध्ये मोठा फरक निघू शकतो. म्हणून मुलं प्रत्यक्षात ज्या स्रोताचं पाणी पितात त्याचाच नमुना घ्या, प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. उन्हाळ्यात टँकर येत असेल तर त्याचाही वेगळा नमुना घ्या. ग्रामपंचायतीच्या किटमध्ये रंग जुळवून जो आकडा मिळतो तो अंदाजापुरता. निर्णय घ्यायचा तो प्रयोगशाळेच्या आकड्यावर. भारतीय मानकात लिटरमागे १ मिग्रॅ ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतलं जातं. दातांना फायदा होतो आणि डागही पडत नाहीत अशी पातळी हवामानावर ठरते, कारण उन्हाळा जितका कडक तितकं पाणी जास्त प्यायलं जातं. गॅलगन आणि व्हर्मिलियन यांचं १९५७चं सूत्र वापरून, वर्षभराचं सरासरी कमाल तापमान ३४ अंश धरलं, तर उत्तर सुमारे ०.६ मिग्रॅ येतं. सूत्राची मूळ मांडणी एवढ्या उष्ण प्रदेशासाठी नव्हती, तेव्हा हा आकडा दिशा दाखवण्यापुरताच घ्या.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते थोडं घट्ट होतं. टीसीएल पावडरनेही त्यावर काही परिणाम होत नाही. घरी तुरटी फिरवतात तेवढ्याने भागत नाही. तुरटी आणि चुना मोजून घालण्याची पद्धत वेगळी असते. आरओने मात्र ते निघतं.

आता डीएमएफटी. क्लाइन, पामर आणि नटसन यांनी १९३८ मध्ये मांडलेली ही मोजणी आहे: कायमच्या दातांपैकी किती किडलेले, किडीमुळे किती काढलेले आणि किती भरलेले. प्रत्येक दात एकदाच धरायचा. भरलेल्या दातात पुन्हा कीड दिसली तर तो किडलेल्यांत जातो. जागतिक आरोग्य संघटना तुलनेसाठी १२ वर्षांचं वय घेते, कारण तोवर बहुतेक कायमचे दात आलेले असतात आणि मुलं शाळेत सापडतात. चुका बहुतेक ठराविक ठिकाणीच होतात. सुळा अजून उगवलेला नसतो आणि तो 'गेलेला' म्हणून लिहिला जातो. खेळताना तुटून गेलेला पुढचा दात किडीच्या खात्यात पडतो. राहिलेली दुधाची दाढ कायमच्या दातांत मिसळली जाते. चहा-सुपारीने काळी पडलेली खाच कीड समजली जाते. टोक गोल असलेली तपासणीची सळई हलकेच फिरवून तिथे खड्डा किंवा मऊपणा लागला, तरच कीड धरा. बोअरच्या गावात आणखी एक फसगत होते. फ्लोरोसिसचे, म्हणजे जादा फ्लोराइडमुळे दातांवर पडणारे तपकिरी डाग आणि खड्डे कीड म्हणून मोजले जातात. फ्लोरोसिस बहुतेक वेळा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखा दिसतो, कीड तशी जोडीने येतेच असं नाही. नुसता पांढरा ठिपका डीएमएफटीत धरत नाहीत, त्यामुळे सुरुवातीची कीड या आकड्यात दिसत नाही.

समजा, सातवीतली १२ वर्षांची ३० मुलं दिवसाच्या उजेडात, ओट्यावर बसवून तपासली. १२ मुलांना एकही कीड नाही. बाकी १८ जणांत मिळून ३९ दात किडलेले, ३ काढलेले, ३ भरलेले, म्हणजे एकूण ४५. ४५ भागिले ३०, डीएमएफटी १.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत १.२ ते २.६ म्हणजे 'कमी', आणि इथेच बऱ्याच समित्या फाइल बंद करतात. पण सर्वाधिक किडलेली एक तृतीयांश मुलं, म्हणजे १० जणं, वेगळी काढा. त्यांचे आकडे ६, ५, ४, ४, ३, ३, ३, २, २, २ असतील, तर बेरीज ३४ आणि सरासरी ३.४. कीड वर्गात सारखी पसरलेली नाही, थोड्या मुलांत साठलेली आहे. दुसरं, ४५ पैकी फक्त ३ दात भरलेले आहेत. उपचार पोचलेलेच नाहीत. तिसरं पाहायचं ते कीड कुठे आहे हे. ३९ पैकी, समजा, ३१ दातांची कीड पहिल्या कायमच्या दाढांच्या खाचांत निघाली, तर निवड बरीच सोपी होते, कारण फ्लोराइड दाताच्या गुळगुळीत बाजूंना जितकं वाचवतं तितकं अरुंद खाचांना वाचवत नाही.

तिन्ही पर्यायांवर भरपूर चाचण्या झाल्या आहेत. कायमच्या दातांचे नव्याने किडणारे पृष्ठभाग फ्लोराइड पेस्टने सरासरी २४ टक्के, चुळेने २७ टक्के आणि व्हार्निशने ४३ टक्के कमी झाले, असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचे आढावे सांगतात. हे आकडे एकाच शर्यतीतले नाहीत. प्रत्येक चाचणीतली मुलं आणि मुळातली कीड वेगळी होती. १०० मुलांत दोन वर्षांत ५० नवे पृष्ठभाग किडणार असतील, तर चुळेने १३-१४ वाचतील आणि व्हार्निशने २१-२२. मात्र मुलं आधीच फ्लोराइड पेस्टने रोज घासत असतील, तर त्यावर दुसरा उपाय जोडून सरासरी १० टक्क्यांच्या आसपासच जास्तीचा फायदा मिळतो. तिन्ही एकदम विकत घेण्याची गरज नाही.

२०० मुलांच्या शाळेला वर्षाला साधारण किती सामान लागेल ते असं:

| पर्याय | वेळापत्रक | वर्षाचं सामान |
|---|---|---|
| पेस्ट | शाळेचे २०० दिवस, वाटाण्याएवढी म्हणजे पाव ग्रॅम | १० किलो पेस्ट, मुलामागे ३-४ ब्रश |
| चूळ | ३० आठवडे, १० मिली | १२० ग्रॅम सोडियम फ्लोराइड |
| व्हार्निश | दोनदा, सुमारे अर्धा मिली | २०० मिली, म्हणजे १० मिलीच्या २० ट्यूब |

निवासी आश्रमशाळेसाठी पेस्ट हा सगळ्यात भक्कम पर्याय आहे, कारण तिथे रात्री झोपण्यापूर्वीही घासून घेता येतं. दिवसाच्या शाळेत ती वेळ मिळत नाही. तिथे पोषण आहारानंतर घासायचं. भारतात पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड ठेवता येत नाही, म्हणून पाव ग्रॅममध्ये पाव मिलिग्रॅमच जातं. खरेदी करताना वेष्टणावर फ्लोराइडचं नाव आणि पीपीएम वाचा. अनेक आयुर्वेदिक पेस्ट आणि दंतमंजनांत फ्लोराइड नसतं, कडुनिंबाच्या काडीत नसतं आणि मिसरीत तर तंबाखू असतो. खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची पेस्ट असेल, तर त्यात सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट हवं. साधं सोडियम फ्लोराइड खडूतल्या कॅल्शियमशी बांधलं जातं आणि दाताला कमी मिळतं. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पाण्याने चूळ भरायची नाही. फ्लोराइड तोंडात टिकतं आणि टंचाईत पाणीही वाचतं. हे बिघडतं ते शिक्षक लक्ष ठेवायचं सोडतात तेव्हा. नावं घातलेले ब्रश एकाच डब्यात, एकमेकांना चिकटून ओले राहिले तरी पालक हरकत घेतात, आणि ती योग्यच असते.

चूळ स्वस्त आहे, पण जोखीम तिच्यातच जास्त. ०.२ टक्क्यांचं द्रावण म्हणजे लिटरमागे २ ग्रॅम सोडियम फ्लोराइड. एका वेळच्या १० मिलीत ९ मिग्रॅ फ्लोराइड असतं, मुलांनी मिनिटभर घोळवून थुंकायचं. तोलताना २ च्या जागी २० ग्रॅम पडले, तर त्याच १० मिलीत ९० मिग्रॅ होतं. किलोमागे ५ मिग्रॅ पोटात गेलं की धोका धरून दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणजे २० किलोच्या मुलाला १०० मिग्रॅ. एका गिळण्यात मूल त्या उंबरठ्याच्या अगदी जवळ पोचतं. त्यामुळे मोजून भरलेल्या पुड्याच घ्या, कुलपात ठेवा, द्रावण प्लास्टिकच्या कॅनमध्ये करा आणि ६ वर्षांखालच्या मुलांना देऊच नका. कुणी जास्त गिळलंच, तर लगेच दूध पाजा आणि दवाखान्यात न्या. एक जबाबदार शिक्षक वर्षभर टिकणार असेल तरच हा पर्याय निवडा.

व्हार्निशला माणूस लागतो, पण वर्षातून दोनदाच. दाढा कापसाने पुसायच्या, छोट्या ब्रशने पातळ थर द्यायचा. लाळ लागताच तो घट्ट होतो. त्या दिवशी चार तास कडक काही खायचं नाही आणि रात्री ब्रश करायचा नाही. दात तात्पुरते पिवळसर दिसतात, हे पालकांना आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या फेरीला मुलं घरी ठेवली जातात. हिरड्यांना किंवा तोंडात जखमा असतील, तीव्र दम्याने मूल दवाखान्यात दाखल झालेलं असेल किंवा राळेची ॲलर्जी असेल, तर लावू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतंच. एका फेरीची तारीख त्याच्याशी जुळवली, तर दुसऱ्या फेरीचीच वेगळी सोय करावी लागते.

आपल्या समजा धरलेल्या शाळेत कीड खाचांत होती. तिथे सीलंट सर्वात नेमका उपाय आहे: पहिली दाढ ६-७ व्या वर्षी उगवल्यावर आणि दुसरी ११ ते १३ च्या दरम्यान, खाच बुजवायची. दाढ पूर्ण वर आलेली नसेल आणि लाळ आवरत नसेल, तर रेझिनचं सीलंट टिकत नाही, तात्पुरतं ग्लास आयोनोमर हे दातांचं सिमेंट भरतात. दंतवैद्य, उजेड आणि एक मदतनीस लागतो, म्हणून सर्वांना न करता पहिली-दुसरीतली मुलं आणि सर्वाधिक किडलेल्या त्या तृतीयांशातली मुलं आधी घ्या.

आमचा कौल असा. पाणी ०.५ मिग्रॅच्या आत आणि निवासी शाळा असेल, तर रोजची पेस्ट आणि जिथे दंतवैद्य मिळेल तिथे दाढांना सीलंट. दिवसाच्या शाळेत, नळाला पाणी नसेल किंवा शिक्षक बदलत असतील, तर व्हार्निश. पाणी १ ते १.५ च्या मध्ये असेल, तर चूळ वगळा. सीलंटला प्राधान्य द्या, कारण त्याने फ्लोराइडचा भार वाढत नाही. पेस्ट वाटाण्याएवढीच आणि देखरेखीखाली. १.५ च्या वर गेलं, तर पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी बदलणं हे पहिलं काम, विशेषतः अंगणवाडीत. पुढच्या दातांवर डाग पडायचा सर्वात नाजूक काळ पहिली तीन वर्षं असतो.

परिणाम मोजताना त्याच मुलांचा डीएमएफटी पुढच्या वर्षी उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. भरलेला दात 'किडलेला'मधून 'भरलेला'मध्ये जातो, बेरीज तीच राहते. नवा किडला की ती वाढते, कमी कधीच होत नाही. तुलना करायची ती यंदाच्या १२ वर्षांच्या मुलांची तीन वर्षांनी १२ वर्षांच्या होणाऱ्या मुलांशी, त्याच तपासनिसाकडून, त्याच उजेडात. आणि दहातलं एक मूल दुसऱ्यांदा तपासून आकडे जुळतात का ते पाहायचं.