साठ सेंटिमीटरचे पैसे घेतले आणि सेन्सर वीस सेंटिमीटरवर पुरले

ठिबकवरील फळबागेत मी मातीतील ओलावा मोजणारे 16 सेन्सर बसवून घेतले. त्यांतील 8 सेन्सर 30 सेंटिमीटर आणि 8 सेन्सर 60 सेंटिमीटर खोलीवर असतील, असे बिलावर स्पष्ट लिहून घेतले होते. पुढे झाडे पिवळी पडू लागली म्हणून उकरून पाहिले, तेव्हा सगळेच्या सगळे 20 सेंटिमीटरच्या आत, तेही ड्रिपरखालच्या ओल्या वर्तुळाच्या अगदी काठावर पुरलेले निघाले. हे अनवधानाने घडले असे मी मानणार नाही, कारण खोल छिद्रांची मजुरी वेगळी लावून वसूल केलेली आहे.

खरी खूण पहिल्याच पाण्याला समोर आली होती आणि ती आठवली की आजही संताप होतो. पाणी सुरू केल्यावर पडद्यावरील 30 आणि 60 सेंटिमीटरच्या रेषा एकाच वेळी, एकाच चढाने वर गेल्या. भारी काळ्या जमिनीत पाणी वरून खाली हळूहळू उतरते, म्हणून वरचा सेन्सर आधी हलला पाहिजे, खालचा बऱ्याच उशिरा, आणि पाणी थोडे दिले असेल तर खालचा अजिबात हलायला नको. मी विचारलेही होते. त्यावर "तुमच्या जमिनीत निचरा उत्तम आहे" असे उत्तर मिळाले. विकणारा तज्ज्ञ म्हणून समोर उभा असताना ग्राहकाने लगेच खड्डा खणायला घ्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. खालचा सेन्सर वरच्याच्या आधी हलला तर तोही वाईट इशारा समजा. छिद्र नीट न दाबल्याने पाणी केबलच्या कडेने खाली घसरत असते.

नुकसान कसे झाले ते पाहा. वरचा आणि काठावरचा थर लवकर वाळतो, त्यामुळे तथाकथित 60 सेंटिमीटरची रेषा 27 टक्क्यांवर आली की मुळांखालचे पाणी संपले असे समजून मी व्हॉल्व्ह उघडत गेलो. नंतर खऱ्या 60 सेंटिमीटरवरून मातीचा नमुना काढला. तो ओला असताना 134 ग्रॅम भरला आणि 105 अंश सेल्सिअसवर 24 तास वाळवल्यावर 100 ग्रॅम उरला, म्हणजे वजनाने 34 टक्के ओलावा. मातीची घनता 1.2 धरली तर आकारमानाने तो सुमारे 41 टक्के होतो. खाली एवढी ओल असताना मुळांना हवा मिळत नव्हती आणि मी आणखी पाणी सोडत होतो.

संख्येतही लूट झाली. बागेचा मोठा भाग भारी जमिनीचा आहे, वरच्या अंगाला हलक्या मुरमाड मातीचा पट्टा आहे आणि दोन्हींना वेगळे व्हॉल्व्ह आहेत. पाण्याचा निर्णय व्हॉल्व्हगणिक होतो, म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हखाली दोन जागा आणि प्रत्येक जागी दोन खोल्या, म्हणजे 8 सेन्सर पुरेसे होते. दोन जागा यासाठी की एकीचे वाचन बिघडले तर दुसरीवरून ते ओळखता यावे. मला 16 विकले, सगळे भारी भागात समान अंतरावर लावले आणि मुरमाड पट्ट्यात एकही लावला नाही. वर सर्वांची सरासरी पाहून पाणी द्यायला सांगितले! अशी सरासरी शेतातील कोणत्याच जागेची ओल सांगत नाही.

तक्रार घेऊन गेलो तर ग्राहक तक्रार कार्यालयाने सेन्सर पाण्यात बुडवून पाहिला, आकडा वाढला, म्हणून माल सदोष नाही असे लिहून दिले. सेन्सर बिघडलेला आहे असे माझे म्हणणेच नव्हते. तो चुकीच्या जागी आहे, हे तिथे कोणाला ऐकायचेच नव्हते. तांत्रिक अभिप्राय कृषी कार्यालयाकडून आणा असे सांगितले, कृषी कार्यालयाने हे खरेदीचे प्रकरण आहे म्हणून परत पाठवले, आणि पोलिसांनी बिलावर सही तुमचीच आहे एवढेच दाखवले. खोलीचा उल्लेख त्याच बिलावर आहे, तो मात्र एकानेही वाचला नाही. उघडा खड्डा पाहायला यावे म्हणून केलेल्या लेखी विनंतीला अद्याप उत्तर नाही.

म्हणून काम सुरू असताना तिथे उभे राहा. सेन्सरपासून 60 सेंटिमीटरवर केबलला रंगीत पट्टी बांधायला लावा. पुरल्यावर ती जमिनीच्या पातळीवर दिसली पाहिजे. छिद्रात मोजपट्टी धरून फोटो काढा. बाहेर पडलेली माती थोडी असेल तर छिद्र उथळ आहे. तीच माती, ज्या थरातून निघाली त्याच क्रमाने, दाबून परत भरायला लावा, कारण पोकळी राहिली की कोरड्या वेळी वाचन खोटेच कमी येते.

आता खड्ड्यांचे फोटो जपून 8 सेन्सर मीच हलवले आहेत. भारी भागात ते ड्रिपरपासून 30 सेंटिमीटरवर आहेत. मुरमाड पट्ट्यात पाणी आडवे कमी पसरते आणि सरळ खाली जाते, म्हणून तिथे अंतर 15 सेंटिमीटर ठेवले आहे. नेहमीच्या पाण्याला भारी भागातील 60 सेंटिमीटरची रेषा आता जवळपास सपाट राहते, आणि ती चढली की मी पुढच्या पाळीचे पाणी कमी करतो.