विहिरीच्या मोटरीचे सेकंद आणि तासांचा हिशोब: सात महिन्यांच्या वापरानंतर

आमची संत्र्याची बाग वरुडकडे आहे. विहीर आणि मोटर तीन घरांत सामाईक: आम्ही, काका आणि शेजारचे भाऊ. मोबाईलवरून चालणारा ऑटो स्टार्टर बसवल्यापासून मोटर किती वेळ चालली याची नोंद आपोआप होते, पण ती नुसत्या सेकंदांत. ७३८४ असा आकडा पाहून कुणाला काय समजणार? म्हणून प्रत्येक घराची वेगळी फाईल करून मी ते सेकंद घड्याळासारखे मांडायला लागलो. ७३८४ म्हणजे २ तास, उरले १८४ सेकंद, म्हणजे ३ मिनिटं ४ सेकंद. ते ०२:०३:०४ असं लिहिलं की रकाना सरळ दिसतो आणि अक्षरांच्या क्रमाने लावला तरी लहान-मोठं बिघडत नाही. शून्य गाळलं तर ९:०५:०० हे १०:००:०० च्या खाली जाऊन बसतं.

सुरुवातीला मी स्प्रेडशीट वापरत होतो. सेकंदांना ८६४०० ने भागायचं आणि सेलला `HH:MM:SS` हा फॉरमॅट द्यायचा. एकेक नोंद बिनचूक यायची, म्हणून माझा त्यावर पूर्ण भरवसा बसला. फेब्रुवारीत मोटर जळली. वाइंडिंगला ६००० रुपये लागले आणि ते महिनाभराच्या तासांवर वाटायचे ठरले. बेरीज आली ती अशी: काका १५:३७:००, भाऊ १६:१७:००, आम्ही २२:०६:००. सगळ्यात जास्त आमचेच तास! मी मुकाट्याने २४५६ रुपये काढायला निघालो होतो, तेव्हा काकाच म्हणाले, "आमचे पंधराच तास कसे बाप्पा? रातभर मोटर तं मीच चालवतो."

त्यांच्या फाईलमधले सेकंद हाताने मिळवले तर ३,१५,४२० निघाले. म्हणजे ८७ तास ३७ मिनिटं. `HH` हा फॉरमॅट दिवसातली वेळ दाखवतो, त्यामुळे प्रत्येक २४ तासांना काटा पुन्हा शून्यावर येतो. काकांचे तीन अख्खे दिवस, ७२ तास, पडद्यावरून गायब होते. भाऊंचे खरे ४०:१७:०० होते, आमचे तेवढे २४ च्या आत असल्याने बरोबर. तिघांचे मिळून नेमके १५० तास, म्हणजे तासाला ४० रुपये. आमच्या वाट्याला ८८४ आले, काकांना ३५०५ आणि भाऊंना १६११. चौकोनी कंस घालून `[HH]:MM:SS` केलं की हा घोळ मिटतो. आत साठवलेली किंमत मुळात बरोबरच असते, फक्त दिसणं चुकतं. म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. एकेका नोंदीत ती दिसणारच नाही, कारण एका दमात मोटर २४ तास चालत नाही. ती बेरजेतच दिसते.

त्यानंतर मी फोनवरच टर्मक्समध्ये ही ओळ वापरतो. बांधावर उभं राहून हिशोब होतो, लॅपटॉप लागत नाही.

```
awk '/^[0-9]/{t=int($1+0.5); printf "%02d:%02d:%02d\n", int(t/3600), int(t%3600/60), t%60}' kaka.txt
```

ही ओळ पहिल्यापासून अशी नव्हती. आधी मी `t` काढत नव्हतो, सेकंदांचा भाग शेवटी `%02.0f` ने छापत होतो. पूर्णांक होते तोवर ठीक चाललं. पुढे स्टार्टर दशांशात नोंदी द्यायला लागला आणि ११९.७ चं ००:०१:६० झालं. मिनिट आधीच १ ठरून गेलं होतं आणि मग ५९.७ चे ६० झाले. रकान्यात ६० दिसला की समजा, तुकडे पाडल्यावर पूर्णांक केलाय. आधी अख्ख्या आकड्याचा पूर्णांक करायचा, मग तुकडे पाडायचे: ११९.७ चे १२०, म्हणजे ००:०२:००.

सुरुवातीचा `/^[0-9]/` सुद्धा ठेच लागल्यावरच आला. तो नसेल तर रिकामी ओळ आणि मथळ्याची ओळ दोन्ही ००:००:०० म्हणून छापल्या जातात, आणि वाटतं की मोटर सुरू होताच ट्रिप झाली. त्या शून्यापायी मी एकदा रात्री टॉर्च घेऊन विहिरीवर जाऊन आलो.

बेरीज मात्र नेहमी मूळ सेकंदांचीच करतो. छापलेल्या वेळांची केली तर दर नोंदीला अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडू शकतो. हंगामाची बेरीज १०० तासांच्या वर जाते, तिथे `%02d` पुरत नाही. आकडा कापला जात नाही, पण क्रम लावताना १०० हे ९९ च्या आधी येतं. त्या यादीसाठी तासांना `%03d` दिलंय. आता काकांच्या वहीत दर महिन्याला दोन रकाने असतात, एक सेकंदांचा आणि एक तासांचा, आणि काका पहिला रकाना स्वतः मिळवून पाहतात.