कृतिदेवमधले जुने मसुदे युनिकोडमध्ये: आठ महिन्यांचा अनुभव

वकिलांच्या ऑफिसात टायपिंगपासून फायलिंगपर्यंत सगळं माझ्याकडेच असतं. जुनी साठेखतं, दावे, कैफियती कृतिदेव 010 मध्ये पडून होत्या. गेले आठ महिने त्या एका मोफत कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणतोय. इंटरनेट बंद केलं तरी तो चालतो, म्हणजे पक्षकारांचा मजकूर बाहेर जात नाही, हे आधी तपासून घेतलं. वेग झकास. शंभरातले पंच्याण्णव शब्द बरोबर येतात. उरलेल्या पाचांसाठी हे लिहितोय.

पहिला दणका एका साठेखतात बसला. मूळ प्रिंटवर गट नं. 118/2, क्षेत्र 0.81 आणि मोबदला रु. 5,00,000/- होता. कन्व्हर्ट केल्यावर दिसलं ते असं: 118ध्2, 0ण्81 आणि 5ए00ए000ध्. शेजारचा 7/12 सुद्धा 7ध्12 झाला होता.

कारण साधं आहे. कृतिदेवच्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. तिथे `/` म्हणजे ध्, `.` म्हणजे ण् आणि `,` म्हणजे ए. मराठी मजकूर कृतिदेवमध्ये आणि आकडे टाइम्स न्यू रोमनमध्ये, ही जुन्या टायपिस्टांची सवय. मजकूर कन्व्हर्टरच्या चौकटीत चिकटवला की फॉन्टची माहिती गळून पडते आणि आकड्यांमधली चिन्हंही तो कृतिदेवची समजून बदलतो.

हा ध् निदान डोळ्यांना खुपतो. खरी भीती आडव्या रेघेची. कृतिदेवमध्ये `-` म्हणजे पूर्णविरामाचा ठिपका. त्यामुळे टाइम्समधलं "गट नं. 118-119" गुपचूप "118.119" होतं, "परिच्छेद 3-7" चं "3.7" होतं. वाचणाऱ्याला काहीच वावगं वाटत नाही. आमच्या एका दाव्यात हे तिसऱ्या वाचनात सापडलं, तेही जुनी प्रिंट शेजारी ठेवली होती म्हणून.

आता मी कन्व्हर्ट करण्याआधीच बंदोबस्त करतो. वर्डच्या फाइंड-रिप्लेसमध्ये फॉन्ट टाइम्स निवडायचा आणि फक्त त्या फॉन्टमधल्या चिन्हांच्या जागी त्यांची कृतिदेवची जोडी घालायची: आधी `-` च्या जागी `&`, मग `.` च्या जागी `-`, `/` च्या जागी `@`, `,` च्या जागी `]`. हा क्रम उलटा केलात तर ठिपक्यांच्या झालेल्या रेघा पुन्हा बदलतील. कन्व्हर्टर हे सगळं परत मूळ चिन्हांत आणतो. पॅन नंबर आणि इंग्रजी नावं मात्र हातानेच टाइप करावी लागतात, त्यावर इलाज सापडलेला नाही.

दुसरी गडबड वेलांटीची. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. "प्रतिवादी" मूळ फाइलीत `izfroknh` असतो. वेलांटी जागची हलली नाही तर "प्रितवादी" होतो. हा कन्व्हर्टर तिथे चुकत नाही, पण जोडाक्षरात कधी कधी अर्ध्या अक्षरापाशीच थांबतो आणि "स्थिती" चं "सि्थती" करून ठेवतो.

तिसरी चूक डोळ्यांना दिसतच नाही. कृतिदेवमध्ये आ म्हणजे अ आणि काना. काही वेळा तो तसाच दोन तुकड्यांत राहतो आणि बऱ्याच फॉन्टमध्ये हुबेहूब आ सारखा दिसतो. बारा पानांच्या अर्जात "आदेश" शोधलं आणि एकही सापडला नाही, तेव्हा कुठे लक्षात आलं. काही फॉन्टमध्ये अशा जागी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. ते शोधून सापडत नाही, कारण ते फाइलीत नसतंच, फक्त पडद्यावर काढलेलं असतं.

म्हणून प्रत्येक फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय चालू करतो आणि एकेक ओळ शोधतो:

```
[\u093E-\u094C]\u094D|\u094D[\u093E-\u094C]
\u0905[\u093E\u0947-\u094C]
[0-9][\u0900-\u0963]
[0-9]\.[0-9]
```

पहिली ओळ हलन्त आणि मात्रा यांची अशक्य जोडी पकडते, दुसरी तुटलेला आ आणि ओ. दुसऱ्या ओळीत अर्धचंद्र मुद्दाम गाळला आहे, नाहीतर ती प्रत्येक "अॅड." वर अडते आणि आमच्याकडे ते पानापानावर असतात. तिसरी 118ध्2 सारखे आकडे दाखवते, पण सोबत "7वा" सारखे निर्दोष शब्दही येतात. चौथीत जे येईल ते एकेक करून जुन्या प्रिंटशी ताडून बघायचं, तिथे शॉर्टकट नाही. सहा पानांच्या दस्ताला वीसेक मिनिटं लागतात.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा इंग्रजी नावांसाठी कापला, बाकीचा एक त्या 118.119 साठी.