सिंक तीन इंच वर घेतलं: बेळगावातल्या आमच्या नव्या कट्ट्याचा वापरानंतरचा अनुभव

शहापुरातलं घर दुरुस्त करताना स्वयंपाकाचा कट्टा नव्यानं बांधला. आता उन्हाळा, पावसाळा दोन्ही त्यावर काढलेत, तेव्हा लिहायला हरकत नाही.

माझी उंची पाच फूट. हात सैल सोडून कोपर काटकोनात दुमडला की जमिनीपासून कोपरापर्यंत साडेसदतीस इंच भरतात. चिरायला-निवडायला कट्टा कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली असला की खांदे उचलावे लागत नाहीत, म्हणून तेहतीस इंच धरले. गवंडी फरशी बसायच्या आधीच्या जमिनीवरून मोजत होता. वर माल आणि फरशी मिळून दोन इंच चढणार, म्हणजे कट्टा तेवढाच बुटका होणार. म्हणून तयार फरशीची खूण भिंतीवर मारून घेतली आणि तिथून ग्रॅनाईटच्या वरच्या कडेपर्यंत माप धरलं.

खरा वाद झाला सिंकवरून. "अक्का, सगळीकडं एकाच लेव्हलला असतंय," तो म्हणाला. असतं खरं, पण भांडी काय सिंकच्या काठावर घासतो? हात तळाशी असतात. तेहतीस इंचांच्या कट्ट्यात आठ इंच खोल सिंक बसवलं तर तळ पंचविसावर येतो. मी सरळ उभी राहिले तर माझ्या मुठी साधारण सव्वीसवर असतात, म्हणजे प्रत्येक ताटलीला कमरेतून वाकणं आलं. म्हणून सिंकपुरता कट्टा छत्तीसवर घेतला, तळ अठ्ठावीसवर आला. बांधण्याआधी विटा रचून त्यावर जुनी परात ठेवली आणि घासल्यासारखं करून बघितलं. याहून वर नेलं असतं तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं असतं.

भांडी घासून झाल्यावर कंबर धरून उभं राहणं बंद झालंय. पण दोन उंचींच्या मधल्या पायरीच्या कोपऱ्यात पाणी साचतं, तो रोज पुसावा लागतो. भरलेला मोठा कुकर तीन इंच वर उचलताना जड जातो. नवरा पाच फूट आठ इंच, त्याला तरीही थोडं वाकावंच लागतं. रोज घासते मी, तेव्हा माप माझंच.

सासूबाईंचं मात्र वेगळं. त्या चार फूट नऊ इंच, कोपर छत्तीस इंचावर. भाकरीचं पीठ मळताना अंगाचा भार परातीवर पडायला हवा, आणि तेहतिसावर ते जमत नाही, नुसते मनगट आणि खांदे दुखतात. त्यांच्यासाठी खिडकीखाली अठ्ठावीस इंचांचं भक्कम लाकडी टेबल ठेवलंय. कोपरापासून आठ इंच खाली. भाकऱ्या तिथंच थापतात आणि मला चिरायला कट्टा मोकळा मिळतो.

एक गोष्ट पुन्हा बांधताना करेन: कट्ट्याखाली पायाची बोटं आत जातील एवढी तीन-चार इंच खोल खोबण ठेवेन. आता पाय कपाटाला लागतात आणि पोट सिंकपासून दूर राहतं, त्यामुळं मागच्या नळापर्यंत पोचायला पुढं झुकावं लागतं.